२० टक्के सूट भरून काढायला किती कुर्त्या जास्त विकाव्या लागतील?

प्रश्न: नाशिकला मेनरोडच्या आतल्या गल्लीत माझं लेडीज रेडिमेडचं छोटं दुकान आहे. मुख्य माल कुर्त्यांचा. जीएसटीसकट ६३० ला पडलेली कुर्ती मी १,०५० ला विकते, महिन्याला साधारण ३०० नग जातात. समोरच्या दुकानाने २० टक्के सूट लावली आहे. माझं मार्जिन ६५ टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा मीही २० टक्के दिले तर थोडी विक्री वाढली तरी भागेल ना? नक्की किती वाढावी लागेल?

उत्तर:

थोडी वाढून भागणार नाही. तुमच्या आकड्यांवर महिन्याला ३०० च्या जागी ७०० नग गेले, तर आज जेवढे सुटतात तेवढेच सुटतील. म्हणजे ४०० नग जास्त. हा आकडा मोठा वाटेल, म्हणून तो कसा आला ते सावकाश सांगते. मी नाशिकमधल्या लहान दुकानांचे हिशेब बघते आणि सेलच्या दिवसांत सगळ्यात जास्त घोळ इथेच झालेला मला दिसतो.

पहिली दुरुस्ती त्या ६५ टक्क्यांची. ६३० वर ४२० चढवले म्हणून ६६ टक्के, हा हिशेब खरेदीवरचा आहे. पण सूट तुम्ही खरेदीवर देत नाही, विक्रीच्या किमतीवर देता. १,०५० चे २० टक्के, म्हणजे २१० रुपये. सूट ज्या रकमेवर मोजली जाते, त्याच रकमेवर मार्जिनही मोजायला हवं, नाहीतर दोघांची वजाबाकी करता येत नाही. १,०५० वर ४२० म्हणजे ४० टक्के. मार्केटमध्ये बोलताना दोन्ही पद्धती चालतात, ठोकवाला खरेदीवर बोलतो आणि त्यात चूक काही नाही. मात्र सूट ठरवायला बसलात की विक्रीवरचाच टक्का धरायचा.

आता जीएसटी बाजूला काढू. १,०५० मध्ये ५ टक्क्यांनी ५० रुपये कर आहे, तो तुमचा नाही. उरले १,०००. ६३० मध्ये ३० रुपये कर आहे, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. उरले ६००. म्हणजे नगामागे ४०० सुटतात असं खरेदीचं आणि विक्रीचं बिल सांगतं.

बिलाबाहेर नगामागे आणखी काही खर्च होतो आणि तो बहुतेक दुकानांत कुणी मांडत नाही. सुरतेहून किंवा अहमदाबादहून माल येतो त्याचं ट्रान्सपोर्ट आणि इथली हमाली. पिशवी, टॅग, इस्त्री. सेल्सच्या मुलींना नगामागे देता ते इन्सेन्टिव्ह. ट्रायलमध्ये लिपस्टिकचा डाग पडला, चेन तुटली, पहिल्या धुण्यात रंग गेला म्हणून परत आला, असे नग. तुमचे नेमके आकडे मला ठाऊक नाहीत, म्हणून तुमच्या मापाच्या दुकानाला शोभतील असे धरते: ट्रान्सपोर्ट-हमाली १५, पिशवी-टॅग-इस्त्री १२, इन्सेन्टिव्ह १०, खराबी आणि परतीचे १३. झाले ५०. म्हणजे एक नग विकायला तुम्हाला ६५० लागतात आणि १,००० मिळतात. खरे सुटतात ३५०, म्हणजे ३५ टक्के.

भाडं, पगार, लाईट यात घेतलेलं नाही, आणि ते मुद्दाम. ३०० नग जावोत की ४००, भाडं तेवढंच राहतं. सुटीच्या हिशेबात फक्त तेवढाच खर्च धरायचा जो एक नग जास्त गेला की वाढतो.

आता २० टक्के सूट द्या. टॅग १,०५० चा, गिऱ्हाईक ८४० देतं. त्यात कर ४०, तुमच्या हातात ८००. कर १० रुपयांनी कमी झाला, म्हणजे २१० च्या सुटीतले २०० तुमच्या खिशातून गेले. नग विकायचा खर्च मात्र ६५० च राहिला. सुरतेचा व्यापारी तुमची सूट बघून बिल कमी करत नाही. तेव्हा ८०० वजा ६५०, सुटले १५०.

किंमत फक्त पाचव्या हिश्श्याने उतरली, पण सुटणारी रक्कम ३५० वरून १५० वर आली, म्हणजे निम्म्याहूनही कमी झाली. एका पूर्ण किमतीच्या नगात जेवढं मिळत होतं, तेवढं मिळवायला आता जवळजवळ अडीच नग विकावे लागतात. सगळा प्रश्न इथेच आहे.

याचं सूत्र असं:

जादा विक्री (%) = सूट ÷ (मार्जिन − सूट) × १००

३५ टक्के मार्जिन, २० टक्के सूट: २० ÷ १५, म्हणजे १३३ टक्के. ३०० वर १३३ टक्के म्हणजे ४०० नग. मार्जिन ४० धरलं असतं तर २० ÷ २०, म्हणजे १०० टक्के, ३०० नग जास्त. आणि खरेदीवरचे ६६ धरून चाललात तर २० ÷ ४६, म्हणजे साधारण ४३ टक्के, १३० नग जास्त. दुकान तेच, सूट तीच, पण मार्जिन कसं मोजलं यावर १३०, ३०० आणि ४०० अशी तीन उत्तरं येतात. तुम्हाला "थोडी वाढली तरी भागेल" असं वाटलं ते या पहिल्या उत्तरामुळे. १३० नग वाढले म्हणून खूश होऊन बसाल आणि महिनाअखेरीला भाडं द्यायला पैसे कमी का पडले ते कळणार नाही.

सूट वाढवत नेली की हा आकडा सरळ रेषेत वाढत नाही. तुमच्या ३५ टक्के मार्जिनवर ५ टक्के सुटीला १७ टक्के जास्त विक्री पुरते. १० ला ४० टक्के. १५ ला ७५. २० ला १३३. २५ दिलेत तर २५० टक्के, म्हणजे साडेतीनपट माल विकावा लागेल. म्हणून १० ची २० करताना "दुप्पट सूट, दुप्पट विक्री हवी" असं मनात धरू नका. लागणारी वाढ तिपटीहून जास्त होते.

सूत्र पाठ करण्यापेक्षा मी दुकानदारांना दुसरा हिशेब करायला सांगते, कारण तो गल्ल्यावर बसून तोंडी होतो. दोन प्रश्न. सूट नसती तरी जे नग गेले असते, त्यांच्यावर मी किती रुपये सोडतेय? तुमच्याकडे ३०० नग, प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे ६०,०००. ही सेलची किंमत आहे, आणि एकही नवं गिऱ्हाईक पायरी चढण्याआधीच ती तुमच्या माथी बसलेली असते. दुसरा प्रश्न, एक नवा नग मला किती भरून देतो? १५०. मग ६०,००० भागिले १५०, चारशे नवे नग. उत्तर तेच आलं, पण या वाटेने गेल्यावर एक गोष्ट नीट दिसते. सूट नव्या माणसासाठी लावलेली असली तरी तिचा मोठा वाटा ज्या ताई नेहमीच तुमच्याकडून घेतात त्यांनाच जातो. त्या १,०५० द्यायला तयार होत्या.

आता चारशे जास्त नग प्रत्यक्षात विकता येतील का ते बघू. तुम्ही महिन्याचे २६ दिवस धंदा करता असं धरलं तर आज रोज ११-१२ नग जातात. ७०० म्हणजे रोज २७. त्यातले अर्ध्याहून जास्त, समजा १६, संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात जाणार. घालून बघणाऱ्या दोघींपैकी एक घेते असं मानलं तर त्या तीन तासांत ३२ ट्रायल. एका ट्रायलला सहा मिनिटं धरली तरी १९२ मिनिटं होतात आणि तुमच्याकडे १८० आहेत. गल्लीतल्या दुकानात ट्रायल रूम बहुधा एकच असते. म्हणजे गिऱ्हाईक आलं तरी दारातून परत जाईल. मग आणखी एक मुलगी ठेवा, पडदा लावून दुसरी ट्रायल रूम करा, फ्लेक्स लावा, इन्स्टाग्रामवर जाहिरात द्या. यात १०,००० गेले तर तेही त्या १५० मधूनच भरायचे, म्हणजे आणखी ६७ नग. आता ७०० चे ७६७ झाले.

मालाचे पैसेही आधी लागतात. जास्तीच्या ४०० नगांना ६३० ने २,५२,००० रुपयांचा माल आधी आणून ठेवावा लागेल. ठोकवाल्याकडे उधारी असेल तर ठीक, पण सेल फसला तर हाच माल घरात पडून राहतो आणि त्याचं बिल ठरल्या दिवशी द्यावंच लागतं. साइजचा घोळ वेगळाच. सेलमध्ये एम आणि एल पहिल्या चार दिवसांत संपतात आणि एक्सएस व थ्रीएक्सएल उरतात. म्हणून ७०० विकायला ७०० आणून चालत नाही, त्याहून बरेच जास्त आणावे लागतात.

याहून अवघड एक गोष्ट आहे आणि ती गल्ला बघून कळत नाही. जास्त गेलेला प्रत्येक नग नवा नसतो. समजा तुम्ही दहा दिवसांचा सेल केला. एरवी दहा दिवसांत ११५ नग गेले असते, सेलमध्ये २०० गेले. दुकान भरलेलं, मुलींना पाणी प्यायला वेळ नाही. गल्ल्यात एरवी १,२०,७५० आले असते, आता १,६८,००० आले. ४७,००० रुपये जास्त. कुणालाही वाटेल की सेल जमला.

आता सुटलेले मोजा. एरवी ११५ गुणिले ३५०, म्हणजे ४०,२५०. सेलमध्ये २०० गुणिले १५०, म्हणजे ३०,०००. गल्ला ४७,००० ने वाढला आणि हातात राहणारे १०,२५० ने कमी झाले. पुढच्या दहा दिवसांत रोजचे ११-१२ नग उतरून नऊवर येतात, कारण ज्या बायका पुढच्या आठवड्यात येणार होत्या त्या स्वस्तात घेऊन गेलेल्या असतात. दहा दिवसांत २५ नग कमी, तेही पूर्ण किमतीचे, म्हणजे आणखी ८,७५० गेले. एकूण १९,००० चा फटका. दुकान भरलेलं होतं त्या दिवसांत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे सण जवळ असले की हे जास्त होतं. पितृपक्षात कपडे कमी विकले जातात, म्हणून पुष्कळ दुकानदार तेव्हा सूट लावायच्या विचारात असतात. हिशेब वरवर बरा दिसतो, कारण एरवीची विक्रीच कमी, म्हणून सेलची किंमतही कमी. पण त्यानंतर लगेच नवरात्र आहे, कालिका मातेची यात्रा आहे, मग दसरा-दिवाळी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे बोनस. जी बाई तीन आठवड्यांनी १,०५० ला घेणारच होती तिने पितृपक्षात ८४० ला घेतली, तर तुम्हाला १५० मिळाले आणि ३५० गेले. सूट लावायचीच तर अशा वेळी लावा जिच्यानंतर महिनाभर तरी मोठा सण किंवा लग्नाची तिथ नसेल.

नग नवा की उसना हे ओळखायला फार काही लागत नाही. तुमच्या बिलात मोबाइल नंबर टाकता तो टाकत राहा. सेलच्या दिवसांत पहिल्यांदाच आलेले नंबर किती आणि जुने किती हे बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. नसेल तर हाताने बिलावर नव्याला एक खूण करायची, बस्स. नव्या खुणा वाढत नसतील तर तुम्ही तुमच्याच गिऱ्हाइकांना सूट देत आहात. दुसरं, सेलच्या शनिवारची तुलना आधीच्या चार शनिवारांशी करा, बुधवारची बुधवारांशी. बुधवारच्या बाजाराला गावांकडून लोक येतात, त्यामुळे बुधवार आणि गुरुवार एका मापाने मोजले तर आकडा फसवा निघतो. तिसरं, सेल संपल्यावरचे पंधरा दिवस मोजा आणि मगच बेरीज करा.

आता समोरच्या दुकानाकडे येऊ, कारण खरी काळजी तीच आहे. त्यांनी सूट लावली आणि तुम्ही गप्प बसलात तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. पण किती तुटलं तर तुमचं जास्त नुकसान होईल, हेही मोजता येतं.

धरून चाला की तुम्हीही २० टक्के लावले आणि विक्री ३०० वरून ४५० झाली. दीडपट म्हणजे चांगलीच वाढ, शेजारी सेल चालू असताना ती मिळणंही कठीण. ४५० गुणिले १५०, म्हणजे ६७,५००. आता दुसरी बाजू. तुम्ही किंमत हलवली नाही आणि तुमचं एक तृतीयांश गिऱ्हाईक समोर गेलं. ३०० चे २०० नग राहिले. २०० गुणिले ३५०, म्हणजे ७०,०००. शंभर नग गमावूनही तुम्ही सूट देऊन दीडपट विकणाऱ्यापेक्षा अडीच हजारांनी पुढे आहात, आणि मालात अडकलेले पैसे, मुलींची धावपळ, ट्रायल रूमची रांग हे सगळं वाचलं ते वेगळंच.

तुमचं भाडं ३५,०००, दोन मुलींचे पगार २५,०००, लाईट ५,००० आणि बाकी किरकोळ ५,००० असं धरलं तर महिन्याचा बांधलेला खर्च ७०,००० होतो. पूर्ण किमतीत तो २०० नगांत निघतो. २० टक्के सुटीत निघायला ४६७ नग लागतात. म्हणून समोरच्याने सूट लावली की पहिल्या दिवशी आपलाही बोर्ड लावू नका. आठ दिवस आपले रोजचे नग लिहून काढा. रोजचे ११-१२ चे नऊ-दहा झाले तर ते सोसा. सलग आठवडाभर आठच्या खाली गेले तर हालचाल करायची वेळ आली, कारण २६ दिवसांना ८ म्हणजे २०८ नग, खर्च जेमतेम निघतो ती पायरी.

हालचाल म्हणजे काय, तर सगळ्या दुकानावर सूट लावू नये. "संपूर्ण स्टॉकवर २० टक्के" या एका ओळीची किंमत ६०,००० आहे हे वर पाहिलं. त्याऐवजी मागच्या सीझनचे, धिम्या चालीचे १२० नग एका स्टँडवर काढा, दारात दिसेल असा उभा करा, फक्त त्यावर २० टक्के. या मालातले एरवी महिन्याला समजा ३० नगच जात होते. मग सेलची किंमत ३० गुणिले २००, म्हणजे फक्त ६,०००. ती भरायला ४० नवे नग पुरतात. अर्थात काही जणी नव्या मालाकडे जाता जाता स्टँडकडे वळतील. १५ जणी वळल्या तर आणखी ३,००० गेले, आणखी २० नवे नग हवेत. एकूण ६०. स्टँडवरून ३०, १५ आणि ६० मिळून १०५ नग जातील, १२० मध्ये ते बसतात. चारशे नव्या नगांपुढे साठ हा आवाक्यातला आकडा आहे, आणि दारावर "२० टक्के" लिहिण्याचा तुमचा हेतूही साधतो. स्टँड शक्यतो ताज्या मालाच्या अगदी शेजारी ठेवू नका, नाहीतर वळणाऱ्या पंधराच्या तीस होतात.

तुमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक जणी एकच कुर्ती घेत असतील तर आणखी एक वाट आहे: दोन घेतल्या तर १० टक्के कमी. दोन नगांवर ७०० सुटायचे ते ५०० सुटतील. पण जी एकच घेणार होती तिच्याकडून ३५० ऐवजी ५०० मिळाले, म्हणजे १५० जास्त. जी एरवीही दोन घेणारच होती तिच्यावर २०० गेले. म्हणून दोन घेणाऱ्या तिघींमागे एकीवरून दोनवर आलेल्या चौघी मिळाल्या की बरोबरी झाली. जुनी बिलं चाळा, दोन-दोन नगांची बिलं किती आहेत मोजा. दहातली एक-दोन असतील तर ही योजना चालते. निम्मी असतील तर हात लावू नका.

आठ-दहा महिने पडलेल्या मालाचा हिशेब मात्र वेगळा आहे, तिथे वरचं सूत्र लावू नका. त्या नगाचे ६०० आणि ट्रान्सपोर्टचे १५ गेलेलेच आहेत. आता प्रश्न एवढाच की उद्या त्याचे किती येतील. पडून राहिलेला माल एकगठ्ठा उचलणारा लॉटवाला ३०० देत असेल आणि तुम्ही ४० टक्के सूट लावून ६३० ला विकलात, तर कर वजा जाता ६०० येतात, विकण्याचे ३५ गेले, ५६५ राहिले. वहीत नगामागे ५० चा तोटा दिसेल, तरी लॉटच्या मानाने २६५ जास्त हातात आले. तुमच्याकडे असा माल असेल तर तो याच महिन्यात काढा. ३५ टक्के मार्जिनच्या ताज्या मालाशी त्याची सरमिसळ तेवढी होऊ देऊ नका.

कराची एक गंमत तुमच्या महागड्या मालाला लागू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याची नगामागे विक्रीची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के जीएसटी आहे. तुमच्याकडे एखादा भारी सेट कर सोडून ३,००० चा असेल तर गिऱ्हाइकाला तो ३,५४० ला पडतो. बिलात ५०० ची सूट दाखवून किंमत २,५०० वर आणली की कर ५ टक्के लागतो आणि गिऱ्हाइकाला तो २,६२५ ला मिळतो. तिला जवळजवळ २६ टक्के स्वस्त झाला आणि तुम्ही सोडले १७ टक्केही नाहीत. ३५ टक्के मार्जिनने तुमचे १,०५० सुटत होते, आता ५५० सुटतील, म्हणजे ९१ टक्के जास्त विक्री लागेल. तीच २६ टक्क्यांची सूट पूर्ण तुमच्या खिशातून दिली असती तर २८० टक्क्यांहून जास्त लागली असती. सूट द्यायला एवढी स्वस्त जागा तुमच्या दुकानात दुसरी नाही. फक्त ती सूट विकतानाच त्याच बिलावर वेगळी दाखवलेली हवी. तोंडी कमी करून किंवा मागाहून पैसे परत देऊन हे जमत नाही.

तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर खरेदीवरचे ३० रुपये क्रेडिट मिळत नाहीत, तुम्ही विक्रीवर १ टक्का भरता आणि वरचा १८ टक्क्यांचा मुद्दा तुम्हाला लागू नाही. १,०५० वजा १०.५० वजा ६३० वजा ५०, साधारण ३६० सुटतात. २० टक्के सुटीत साधारण १५२ उरतात. म्हणजे २.३७ पट विक्री, ३०० च्या जागी ७११ नग. उत्तरात फारसा फरक पडत नाही.

आता तुमच्या वहीतून दोन आकडे काढा: गेल्या तीन महिन्यांचं ट्रान्सपोर्ट-हमालीचं बिल भागिले आलेले नग, आणि परत आलेल्या किंवा खराब झालेल्या नगांची रक्कम भागिले विकलेले नग. मी १५ आणि १३ धरले आहेत. हे दोन मिळून २८ ऐवजी ४८ निघाले तर तुमचे ३५० नव्हे ३३० सुटत आहेत, सुटीत १३० उरतील, आणि चारशेच्या जागी ४६२ नग जास्त लागतील.